सव्वीस कलमांचं कुलमुखत्यारपत्र आणि आमची नऊ कलमं

वडील 2021 मध्ये गेले. त्यानंतर लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातली आमची 1 हेक्टर 42 आर जमीन आईच्या आणि माझ्या नावावर आली. वारसाचा फेरफार झाला, सातबाऱ्यावर आम्हा दोघींची नावं लागली, पण जमीन बघायची कुणी हा प्रश्न तसाच राहिला. मी नाशिकला नोकरी करते. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, तिला गुडघ्यांमुळे लातूरपर्यंतचा प्रवास झेपत नाही म्हणून ती माझ्याकडेच असते. गावात माझे चुलतभाऊ आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वडील आजारी असतानाही शेताचं तेच बघायचे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. हे आधी सांगते, कारण मुखत्यारपत्रावर, म्हणजे आपल्या वतीनं कामं करायचा अधिकार देणाऱ्या कागदावर, मर्यादा घालायची म्हटलं की समोरच्यावर अविश्वास दाखवला असा अर्थ आपल्याकडे लगेच काढला जातो.

कामं साधीच होती. शेजारच्या गटाशी बांधाचा वाद होता, त्यासाठी मोजणी करून घ्यायची होती. जमीन बटईनं, म्हणजे पिकातल्या वाट्यावर कसायला, द्यायची होती. पीकविम्याचा अर्ज, अतिवृष्टी झाली तर पंचनाम्याला हजर राहणं, तलाठ्याकडून उतारे काढणं, असली कामं दर हंगामाला असतातच. प्रत्येक वेळी आमच्या सहीसाठी कागद नाशिकला येणार आणि परत जाणार, त्यात महिना जायचा. शेवटी अण्णाच म्हणाले, "काकू, मला मुखत्यारपत्र करून द्या, म्हणजे सारखं तुम्हाला त्रास द्याय नको."

त्यांनी तालुक्याच्या ठिकाणी एका दस्तलेखकाकडून मसुदा करून आणला. पाच पानं, सव्वीस कलमं, वर ठळक अक्षरात 'कुलमुखत्यारपत्र', म्हणजे सर्व अधिकारांचं मुखत्यारपत्र. अण्णांनी तो वाचलेलाही नव्हता. दस्तलेखकाकडे तयार नमुना असतो, त्यात नावं आणि गट नंबर बदलून तो छापून देतो. मी पहिली दोन पानं चाळली, उतारे, मोजणी, विमा सगळं दिसलं, आणि सही करायलाच निघाले होते. आईनं विचारलं, "पाच पानं कशाला लागतात गं मोजणीला?" त्या एका प्रश्नामुळे मी उरलेली तीन पानं वाचली.

अकराव्या कलमात लिहिलं होतं: 'सदर मिळकतीची व आमच्या मालकीच्या इतर सर्व स्थावर जंगम मिळकतींची विक्री, गहाण, बक्षीस, अदलाबदल, भाडेपट्टा करणे, त्याबाबतचे दस्त लिहून व नोंदवून देणे, मोबदला रक्कम रोख अगर धनादेशाने स्वीकारणे व पावती देणे.' 'इतर सर्व स्थावर जंगम मिळकती' या पाच शब्दांत माझा नाशिकचा फ्लॅटही आला होता. त्या फ्लॅटचा औशाच्या जमिनीशी काडीचा संबंध नव्हता. पुढे एका कलमात मुखत्याराला आपल्या जागी दुसरा प्रतिमुखत्यार नेमायचा अधिकार होता. कोर्टातले दावे लढवण्याबरोबर तडजोड करण्याचा आणि दावा काढून घेण्याचाही अधिकार होता. आणि सगळ्यात शेवटी, 'सदरचे मुखत्यारपत्र कायमस्वरूपी असून ते रद्द करण्याचा आम्हांस अधिकार राहणार नाही.'

तो मसुदा घेऊन मी सुट्टीत लातूरला गेले आणि ओळखीतून एका वकीलबाईंना भेटले. दिवाणी काम करतात, जमिनीची प्रकरणं त्यांच्याकडे जास्त. त्यांनी लाल पेन घेतला आणि आधी एकच गोष्ट विचारली: "ताई, तुम्हाला अण्णांकडून नेमकी कोणती कामं करून घ्यायची आहेत? कामं सांगा, अधिकार आपण नंतर बघू." मी चार-पाच कामं सांगितली. त्यांनी ती कोऱ्या कागदावर लिहिली आणि म्हणाल्या की मुखत्यारपत्र इथून सुरू करायचं असतं, नमुन्यापासून नाही.

मग त्यांनी जे समजावलं ते मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. मुखत्यारपत्र कोर्टात गेलं की काटेकोर वाचलं जातं. जो अधिकार शब्दांत दिलेला नाही, तो दिलेला नाहीच. 2022 साली सर्वोच्च न्यायालयापुढे केरळमधलं एक प्रकरण होतं. मुखत्यारपत्रात जमीन भाड्यानं देण्याचा, तारणासाठी कागद करण्याचा, दस्त नोंदणीसाठी हजर करण्याचा अधिकार होता, पण विक्रीचा शब्द नव्हता. त्यावर झालेली विक्री टिकली नाही. शेवटी जे 'आमच्या वतीने जे जे काही कराल ते ते आम्हांस मान्य व कबूल' असं वाक्य असतं, त्यालाही लोक उगाच घाबरतात. वर दिलेल्या कामांच्या कक्षेतच त्याचा अर्थ घेतला जातो, त्या एका वाक्यानं विक्रीचा अधिकार तयार होत नाही. आमच्या मसुद्याचा धोका त्या मोघम वाक्यात नव्हताच. तो अकराव्या कलमात होता, जिथे सगळं स्पष्ट शब्दांत देऊन टाकलेलं होतं.

मी विचारलं, मग विक्रीचं कलम नुसतं काढून टाकलं तर पुरे ना? त्या म्हणाल्या, कायद्यानं पुरे आहे, पण आपण 'विक्री, गहाण, बक्षीस, अदलाबदल, विकसन करार अगर एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा करण्याचा कोणताही अधिकार दिलेला नाही' असं वेगळं कलमही टाकू. कारण कागद फक्त कोर्ट वाचत नाही. उद्या गावात कुणी ग्राहक किंवा एजंट येईल, त्याला कायद्याचं काटेकोर वाचन माहीत नसेल, पण हे वाक्य त्याला दिसेल. वाचूनही त्यानं पैसे दिले तर 'मला माहीत नव्हतं' असं त्याला म्हणता येणार नाही.

'जमिनीची संपूर्ण व्यवस्था पाहणे' हे कलमही त्यांनी खोडलं. मला ते निरुपद्रवी वाटलं होतं. त्यांनी सांगितलं की एखादं काम करायचा अधिकार दिला, की ते काम पार पाडायला कायदेशीरपणे जे जे लागतं तेही करायचा अधिकार त्यात येतो. मोजणीचा अधिकार दिला तर मोजणीची फी भरणं त्यात आलंच, वेगळं लिहायला नको. म्हणून तर कामाचा शब्द नेमका हवा. 'व्यवस्था' म्हटलं की त्यात काय काय येतं यावर दोन वकील दोन दिवस वाद घालू शकतात.

नऊ कलमं उरली. सगळी सांगत बसत नाही, पण तीन ठिकाणी आम्हाला खूप विचार करावा लागला.

पहिलं म्हणजे मोजणी. आम्हाला वाटलं होतं की अण्णा मोजणीला हजर राहतील, सह्या करतील, झालं. वकीलबाई म्हणाल्या, मोजणीच्या दिवशी भूकरमापक हजर लोकांचे जबाब घेतो, पंचनामा होतो. त्यात मुखत्यारानं 'दाखवलेली हद्द कबूल आहे' असं लिहून सही केली, तर वादात ती आमचीच कबुली म्हणून पुढे येणार. बांधावर शेजारी उभा असतो, चार माणसं 'मिटवून टाका' म्हणत असतात, अशा वेळी चांगला माणूसही सही करून मोकळा होतो. म्हणून आम्ही लिहिलं की अर्ज करणं, फी भरणं, हजर राहणं, हजेरीची सही करणं, नकाशाची प्रत घेणं एवढे अधिकार अण्णांना आहेत. हद्द मान्य करण्याचा किंवा हरकत मागे घेण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडे ठेवला. तहसीलमध्ये किंवा कोर्टात हजर राहायचा अधिकार दिला, तडजोडीचा दिला नाही. हे दोन अधिकार छापील नमुन्यात कायम एकाच ओळीत असतात, त्यामुळे वेगळे करायचे राहून जातात.

दुसरं बटई. आमच्या भागात जमिनीला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, 1950 लागू आहे. कुळाच्या हक्काचे वाद आमच्या गावानं पाहिले आहेत, आईला तर ते तोंडपाठ आहेत. म्हणून बटई फक्त एका वर्षाची, लेखी, बटईदाराला जमिनीत कुठलाही हक्क मिळणार नाही असा उल्लेख असलेली, आणि ई-पीक पाहणीची नोंद आमच्याच नावानं, असं कलमात लिहिलं. बटईदार कोण हे ठरवायचं काम मात्र अण्णांवर सोडलं, कारण गावातला कोणता माणूस मेहनती आहे ते नाशिकमध्ये बसून आम्हाला कळणार नव्हतं.

तिसरं पैसे. इथं मला लिहायला संकोच वाटत होता, कारण ते अण्णाच वाचणार होते. पण त्यांनीच तो सोडवला. म्हणाले, "पैशाचं माझ्याकडं ठेवूच नका. उद्या कुणी काय बोललं तर माझ्या तोंडाला काळं." मग असं ठरलं: आमच्या वाट्याचा माल आडतीवर न्यायचा आणि विकायचा अधिकार अण्णांना, पण पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, आईच्या नावानं आणि रक्कम आईच्या खात्यात धनादेशानं किंवा बँकेतूनच. विमा आणि अनुदान तसंही खात्यातच येतं. खर्चासाठी एका हंगामाला 15,000 रुपयांपर्यंत अण्णांनी स्वतः ठरवायचं, त्यापुढे आमची लेखी संमती, मोबाईलवरचा संदेशही चालेल. हंगाम संपला की हिशोब. हिशोब द्यायची जबाबदारी कायद्यानं मुखत्यारावर असतेच, पण कधी द्यायचा हे लिहिलं की मागायला अवघड वाटत नाही.

'रद्द करता येणार नाही' हे वाक्य वकीलबाईंनी सगळ्यात जोरात खोडलं. मुखत्याराचा स्वतःचा त्या मिळकतीत हितसंबंध असेल, म्हणजे त्यानं त्यात पैसे घातले असतील असं काही, तरच मुखत्यारपत्र देणाऱ्याला ते एकतर्फी मोडता येत नाही. असा हितसंबंध नसेल तर नुसतं वाक्य लिहून ते कायमचं होत नाही. पण असं वाक्य असलेला कागद रद्द करायला गेलं की त्यावरून भांडण उभं राहतं, आणि ते भांडण वर्षानुवर्षं चालतं. त्याच ओघात त्यांनी विचारलं, अण्णांकडून या बदल्यात काही पैसे घेतलेत का? नव्हते घेतले. मोबदला घेऊन विक्रीचा अधिकार दिला, तर महाराष्ट्रात त्यावर खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क लागतं. मोबदला न घेता दिला तरी जवळच्या नात्याबाहेरच्या माणसाला दिला तर तेच. आमच्या कागदात विक्रीच नव्हती, 500 रुपयांच्या मुद्रांकावर काम झालं.

मुदत 18 महिन्यांची, शेवटची तारीख घालून. इथं माझा एक मोठा गैरसमज दूर झाला. मला वाटायचं, आईचं वय झालंय, उद्या तिला विस्मरण झालं तर हे मुखत्यारपत्र उपयोगी पडेल. प्रत्यक्षात उलट आहे. करार कायदा, 1872 च्या कलम 201 प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याचं मानसिक स्वास्थ्य राहिलं नाही, तर मुखत्यारपण संपतं. ज्या दिवशी त्याची सगळ्यात जास्त गरज वाटते, त्याच दिवशी ते निरुपयोगी होतं. गावातल्या एका घरी मुलानं वडील गेल्यानंतर त्यांच्या जुन्या मुखत्यारपत्रावर सोसायटीत सही केली होती आणि पुढे भाऊबंदकीत ती त्याच्या अंगाशी आली. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

नोंदणी नाशिकलाच केली. दस्त नोंदणीसाठी हजर करण्याचं काम मुखत्याराला द्यायचं असेल, तर ते मुखत्यारपत्र देणारा जिथं राहतो तिथल्या दुय्यम निबंधकापुढे व्हावं लागतं. आमच्यात ते काम नव्हतं, नोटरीवर भागलं असतं. तरी आम्ही निबंधक कार्यालयच निवडलं, कारण नोंदलेल्या कागदाला क्रमांक मिळतो, आणि पुढं रद्द करायची वेळ आली तर त्या क्रमांकाचा उल्लेख करून रद्द करता येतं. कार्यालय पहिल्या मजल्यावर होतं. आजारी, अशक्त माणसाला तिथं येण्याची सक्ती नसते, अधिकारी घरीही येऊ शकतात, हे मला माहीत होतं. पण आई म्हणाली, मी चढते. चौदा पायऱ्यांना तिला दहा मिनिटं लागली. फोटो झाला, अंगठा झाला, दोन ओळखदारांच्या सह्या झाल्या. साहेबांनी आईला विचारलं, "आजी, यात काय लिहिलंय माहीत आहे ना?" आई म्हणाली, "मोजायचं, पेरायचं, पट्टी माझ्या नावानं. विकायचं नाही."

आठ महिन्यांनी त्या कागदाची परीक्षा झाली. सौर प्रकल्पासाठी जमिनी भाड्यानं घेणाऱ्या एका कंपनीचा माणूस गावात आला. वर्षाला ठरलेली रक्कम, 29 वर्षांचा भाडेपट्टा. आजूबाजूच्या काही जणांनी होकार दिला होता. अण्णांना ते आमच्या भल्याचं वाटलं, त्यांनी त्या माणसाला मुखत्यारपत्राची प्रत दिली आणि सही करायची तयारी दाखवली. दोन दिवसांनी त्या कंपनीच्या वकिलाचा मला फोन आला: तुमच्या भावाला एक वर्षाच्या पुढं भाडेपट्ट्याचा अधिकार नाही, तुम्हा दोघींना स्वतः यावं लागेल. अण्णांना जरा वाईट वाटलं, ते मला त्यांच्या आवाजातून कळलं. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, तुम्ही नाही म्हणाला असतात तर ते तुम्हाला रोज भेटून गळ घालत बसले असते. आता 'माझ्या हातात नाही' एवढं सांगा." आई आणि मी तीन आठवडे विचार केला आणि नकार कळवला. भाडं चांगलं होतं, हेही खरं. पण तो निर्णय आमचा होता आणि आम्हीच घेतला.

जिथं चूक झाली ती रद्द करताना, आणि ती माझी होती. मुदत संपायला चार महिने असताना अण्णा त्यांच्या मुलाकडे पुण्याला राहायला जायचं म्हणाले. आम्ही मुखत्यारपत्र रद्द केल्याचा लेख नोंदवला. अण्णांना रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह प्रत पाठवली, खरं तर त्यांना सगळं फोनवर माहीत होतं, पण वकीलबाईंनी कागदाचा आग्रह धरला. तलाठ्याला, भूमी अभिलेख कार्यालयाला, बटईदाराला आणि आणखी दोघांना पत्रं गेली. आडत्याला पत्र पाठवायचं मी विसरले.

अण्णा जाण्याआधी सगळं आवरत होते. घरात आमच्या वाट्याची सात क्विंटल तूर होती. ती त्यांनी नेहमीसारखी आडतीवर घातली. 'रद्द झालं' म्हणजे आता नवीन काही करायचं नाही, उरलेलं पुरं करून द्यायचं, असं त्यांना वाटलं होतं. आम्ही ती तूर भाव वाढेपर्यंत ठेवणार होतो. मी आडत्याला फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ताई, मला कुणी सांगितलंच नाही." त्याचं बरोबर होतं. मुखत्यारपण संपल्याचं बाहेरच्या माणसाला कळेपर्यंत त्याच्यापुरतं ते संपत नाही, करार कायद्याच्या कलम 208 मध्ये हेच आहे. निबंधक कार्यालयात लेख नोंदला म्हणून बाजारातल्या माणसाला तो आपोआप कळत नाही. विक्री आम्हाला मान्य करावीच लागली. एक गोष्ट मात्र जागेवर राहिली. पट्टी आईच्या नावानं होती आणि धनादेश आईच्या खात्यात जमा झाला. तूर गेली, पण पैशाचा प्रश्न आलाच नाही.

त्यानंतर मी अण्णांकडून मूळ कागद परत मागितला आणि झेरॉक्स कुणाकुणाला दिल्या होत्या त्याची यादी त्यांच्या तोंडून लिहून घेतली. सात निघाल्या. पाच जणांना पत्रं गेलेली होती. सहावा आडत्या, सातवा तो सौर कंपनीचा माणूस, ज्याला मी पुरती विसरले होते. त्याच दिवशी दोघांना पत्रं पाठवली.

आता नवीन मुखत्यारपत्र गावातच शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या मामेभावाच्या नावानं करायचं आहे. तीच नऊ कलमं, आणि एक दहावं: या कागदाची प्रत ज्यांना ज्यांना द्याल त्यांचं नाव, तारीख एका वहीत लिहून ठेवायची, आणि मुखत्यारपण संपेल त्या दिवशी मूळ कागदासोबत ती वही आम्हाला परत द्यायची. वकीलबाईंनी ते वाचलं आणि काही न खोडता खाली तारीख टाकली.